कादंबरीवर कडक परीक्षण आलं, तर लेखकानं जाहीर उत्तर कसं लिहावं

माझी पहिली कादंबरी मी स्वतः छापली. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात पंचगंगेकाठचं एक गाव आणि त्यातलं एक घर, एवढाच तिचा विषय. पानं २७०, किंमत २५० रुपये, प्रती ३००. पाचव्या महिन्यात आमच्या भागातल्या एका वाचक मंडळाच्या मासिक अंकात तिच्यावर दीड पानाचं परीक्षण आलं. लिहिणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते. परीक्षण कडक होतं, आणि त्यातला बराचसा भाग खरा होता.

त्याला मी जाहीर उत्तर दिलं. मसुदा तीनदा लिहिला आणि तिसरा पाठवला. त्या तीन मसुद्यांच्या मधे जे शिकलो ते इथे क्रमानं मांडतो. कारण स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्याची अडचण इतर लेखकांपेक्षा वेगळी असते. इतरांच्या मागे प्रकाशक असतो, संपादक असतो. चूक निघाली तर ‘प्रकाशकांना कळवतो’ असं म्हणायची सोय असते. आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर लेखक म्हणून आपलं नाव आणि प्रकाशक म्हणूनही आपलंच. उत्तर द्यायचं तर दोघांच्या वतीनं द्यावं लागतं, आणि वाचकाला दुसऱ्याचं उत्तर जास्त हवं असतं.

आधी ते परीक्षण थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

त्यांनी लिहिलं होतं की लेखकाला नदी माहीत नाही. पान ८७ वर राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेलं आणि ‘धोका पातळी ओलांडली’ असं छापलंय. कोल्हापुरातलं शाळकरी पोरगंही सांगेल की ३९ ही इशारा पातळी, धोका ४३ ला. पान १४२ वर ऐन पुरात गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. कादंबरीतल्या आक्काचा मुलगा तिसऱ्या प्रकरणात पुण्यात नोकरीला आहे आणि नवव्यात इचलकरंजीत, लेखकाला स्वतःची पात्रंही आठवत नाहीत. आक्का पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखी आहे. दीडशे पानं नुसतं पाणीच चढतंय. आणि शेवटी: कुठल्याही प्रकाशकानं घेतली नसणार म्हणूनच स्वतः छापली, आमचे अडीचशे रुपये मात्र पंचगंगेत गेले.

आधी वाक्यं मोजा, मग वाटा

वाचल्या वाचल्या उत्तर लिहायला बसू नका, हे सगळेच सांगतात. पण मग त्या वेळात करायचं काय, ते कोणी सांगत नाही. मी पहिल्या रात्री जे लिहिलं ते साडेतीनशे शब्दांचं होतं आणि त्यातले निम्मे शब्द शेवटच्या एका टोमण्याला दिलेलं उत्तर होतं. परीक्षणात सात मुद्दे, त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा सातवा, आणि माझी सगळी ताकद तिथे गेलेली. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मी परीक्षण वहीत हातानं उतरवून काढलं. एक वाक्य, खाली दोन ओळी मोकळ्या, मग पुढचं वाक्य. हातानं उतरवताना राग थोडा मंदावतो, आणि मुख्य म्हणजे कुठल्या वाक्यात नेमका काय आरोप आहे ते सुटं होतं.

मग प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहायचा: हे तपासता येतं का? पातळी ३९ की ४३, हे तपासता येतं. पुराच्या दिवसांत चुलवाण पेटू शकतं का, हे तपासता येतं. छपाईच्या चुका मोजता येतात. मुलगा पुण्यात की इचलकरंजीत, हेही पुस्तक उघडून बघता येतं. आक्का पुठ्ठ्याची आहे का, हे मात्र तपासता येत नाही. दीडशे पानं पाणी चढणं कंटाळवाणं की नाही, हेही नाही. ती चव आहे. आणि ‘प्रकाशकानं घेतली नसणार’ हा पुस्तकाबद्दलचा मुद्दाच नाही, तो माझ्याबद्दलचा अंदाज आहे.

असे तीन ढीग झाले की उत्तराचा आराखडा आपोआप तयार होतो. जे तपासता येतं त्यालाच उत्तर. चवीची नुसती नोंद. माणसाबद्दल जे आहे त्यावर एक अक्षर नाही. सगळं परीक्षण दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातलं असेल, तपासण्यासारखं एकही वाक्य नसेल, तर जाहीर उत्तर देऊच नका. सांगण्यासारखं आपल्याकडे काही नसतं, आणि तरीही बोललो की वाचकाला फक्त आपला चेहरा दिसतो.

तपासणी स्वतः करा, आणि आपल्या विरुद्ध करा

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो आणि इथेच उत्तराचा कस लागतो.

पातळीचा मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघाला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात कोल्हापुरात हे आकडे घरोघर बोलले जातात, आणि मी ते माहीत असून चुकवले होते. लिहिण्याच्या ओघात ‘इशारा’पेक्षा ‘धोका’ हा शब्द जड वाटला, म्हणून तो घातला. अशी चूक सगळ्यात वाईट, कारण ती अज्ञानातून आलेली नसते.

गुऱ्हाळाच्या बाबतीत मी दोन दिवस वाया घालवले. मला जिंकायचं होतं. दसरा-दिवाळीच्या आधी एखादं गुऱ्हाळ पेटतं का, हे मी चार जणांना विचारत फिरलो. एकानं सांगितलं, ‘पेटतंय की, आमच्या पलीकडं एक लवकर चालू करत्यात.’ मला आनंद झाला. मग त्यालाच मी माझ्या पुस्तकातला प्रसंग वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘गावाला पाण्याचा वेढा पडलाय, आठ दिवस पाऊस उघडला न्हाई, आणि चिपाड कुठलं वाळलं हो तुमचं?’ मुद्दा संपला. चुलवाणाला जळण उसाच्या चिपाडाचं, आणि ते उघड्या अंगणात उन्हात वाळवावं लागतं. ओल्या चिपाडावर काहिलीतला रस उकळत नाही. त्यात पावसाळ्यातला ऊस अजून कोवळा, साखर उतरलेली नाही. आणि वेढा पडलेल्या गावात ऊस तोडून आणणार कोण? म्हणजे ‘लवकर पेटणारं गुऱ्हाळ’ हे खरं असलं तरी माझ्या पान १४२ ला त्याचा काही उपयोग नव्हता.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण पुस्तकावर टीका झाली की आपण पुरावा शोधायला लागतो तो बचावाचा. एखादा अपवाद सापडतो आणि वाटतं की सुटलो. तेव्हा परीक्षणातला आरोप बाजूला ठेवून आपला प्रसंग एखाद्या जाणकाराला वाचून दाखवायचा. ‘असं कधी होतं का?’ असं नाही विचारायचं. ‘हे असं झालं असेल का?’ असं विचारायचं. उत्तरं वेगळी येतात.

आता तो मुलगा. इथे परीक्षण लिहिणारे चुकले होते. सहाव्या प्रकरणात, पान ११८ वर, आक्का शेजारणीला सांगते की पोरगं पुण्याचं सोडून इचलकरंजीत सायझिंगला लागलंय. वाक्य तिथे आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य पान क्रमांकासह होतं आणि त्याच्यापुढे ‘पुस्तक नीट वाचलं असतं तर’ हे शब्द होते. पाठवायच्या आधी मी पुस्तक वाचलेल्या तिघांना विचारलं की आक्काचा मुलगा कुठे असतो. दोघं म्हणाले पुण्यात. तिसरा म्हणाला, आठवत नाही.

तिघांपैकी कोणालाच ते वाक्य लागलं नसेल तर ते वाक्य पानावर आहे म्हणण्यात काही अर्थ नाही. मी तो मुद्दा उत्तरातून पूर्ण काढला. इथे माझं मत ठाम आहे: दोन चुका कबूल करणाऱ्या उत्तरात तिसऱ्या ठिकाणी ‘इथे मात्र तुम्ही चुकलात’ असं आलं, की वाचणाऱ्याला आधीची कबुली हिशेबी वाटायला लागते. समोरच्याची चूक दाखवायचीच असेल तर ती फक्त एका परिस्थितीत दाखवावी: त्या चुकीमुळे तिसऱ्या कुणाचं नुकसान होत असेल तर. उदाहरणार्थ, पुस्तकात एखाद्या खऱ्या गावाबद्दल वाईट लिहिलंय असं परीक्षणात आलं आणि ते पुस्तकात नाहीच, तर ते सांगितलंच पाहिजे.

शुद्धलेखनाचं काय ते मोजून काढलं. पुस्तक शेवटच्या पानापासून उलटं, ओळीखाली पट्टी धरून वाचलं. गोष्ट डोक्यात शिरली नाही की अक्षरं दिसतात. एकूण ६१ चुका सापडल्या. त्यातल्या बऱ्याच एकाच जातीच्या होत्या: रफार एक अक्षर पुढे किंवा मागे बसलेला, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटलेली. मजकूर आधी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप झाला होता आणि नंतर युनिकोडमध्ये बदलून घेतला होता. त्या बदलात ही अक्षरं हमखास सरकतात. म्हणजे कारण सापडलं. आणि कारण सापडलं की ते उत्तरात लिहायचा मोह होतो, ‘डीटीपी करताना तांत्रिक अडचण आली’ म्हणून. लिहू नका. वाचकानं पैसे डीटीपीवाल्याला दिलेले नाहीत. शेवटचं प्रूफ वाचून ‘छापायला हरकत नाही’ अशी सही कुणी केली? मी केली.

मराठीत नम्रपणा टोमण्यासारखा कधी वाटतो

आपल्या भाषेची एक गंमत आहे आणि ती इथे घात करते. मराठीत अतिआदर हा चिडल्याची खूण असतो. घरात कुणी एकदम ‘आपण थोर आहात’ म्हणालं की काय समजायचं ते सगळ्यांना कळतं. तेच छापील उत्तरात होतं. माझ्या दुसऱ्या मसुद्यात मी पहिल्यातला राग काढून टाकला होता, निदान मला तसं वाटत होतं. तो मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचायला दिला, परीक्षण न दाखवता. ताईनं पेन घेऊन पाच ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाली, ‘इथं इथं तू चिडलायस.’

पहिली खूण होती ‘आपल्या परखड मताबद्दल आभार’ यावर. ‘परखड’ हा शब्द स्तुतीचा असला तरी ज्याच्यावर टीका झाली त्यानं वापरला की तो दातओठ खाऊन म्हटल्यासारखा वाटतो. दुसरी ‘आपल्यासारख्या जाणकार वाचकांना’ यावर. तिसरी ‘नम्रपणे नमूद करू इच्छितो’ यावर. ती म्हणाली, नम्र असशील तर ते सांगायला कशाला पाहिजे? चौथी ‘चूक झाली, पण’ मधल्या ‘पण’वर. पाचवी ‘वाचकांच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे’ यावर. कुणाच्याच भावना दुखावल्या नव्हत्या. आकडा चुकला होता.

त्या पाच खुणांवरून मी स्वतःपुरते काही नियम केले. ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’, मराठीत ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे आणि त्यात ऊब असते. त्याहून बरं म्हणजे शक्य तिथे समोरच्या माणसाला वाक्यात आणूच नये, पुस्तकाबद्दल बोलावं. नावाआधी विशेषण नाही. उद्गारचिन्ह नाही. अवतरणचिन्हात त्यांचे शब्द परत लिहायचे नाहीत, कारण तेच शब्द उद्धृत केले की ते चिमटीत धरून दाखवल्यासारखे दिसतात. आणि क्रियापदाची एक गोष्ट. ‘चूक झाली आहे’ या वाक्यात चूक आपोआप होते, कर्ता कुठेच नसतो. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे थोडं बरं. ‘मी चुकीचं लिहिलं’ हे सरळ. लिहिताना जड जातं, वाचताना मात्र वाचणाऱ्याचा विरोध तिथेच गळतो.

उत्तर कुणासाठी लिहितोय

परीक्षण लिहिणाऱ्यांचं मत बदलावं म्हणून उत्तर लिहायचं नसतं. त्यांनी पुस्तक वाचलंय, पैसे दिलेत, मत बनवलंय. तो अंक दोनेकशे घरांत जातो. त्यातल्या बहुतेकांनी कादंबरी वाचलेली नाही, आणि काहींच्या कपाटात ती न वाचलेली पडून आहे. त्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: यात लिहिलंय ते खरं का, आणि आता लेखक काय करणार. तेवढंच सांगायचं. म्हणून उत्तराचं माप दीडशे शब्दांच्या आत ठेवावं. परीक्षण दीड पानाचं म्हणून उत्तरही दीड पानाचं, असा हिशेब नसतो.

हे मी शेवटी पाठवलं:

‘गेल्या अंकात माझ्या कादंबरीवर आलेलं परीक्षण वाचलं. पान ८७ वर मी ३९ फुटांना धोका पातळी म्हटलं आहे. ते चूक आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पान १४२ वर पुराच्या दिवसांत गुऱ्हाळ पेटलेलं दाखवलं आहे, तेही चूक आहे. छपाईच्या ६१ चुका मला सापडल्या. शेवटचं प्रूफ मी नीट वाचलं नव्हतं. लेखक आणि प्रकाशक म्हणून ही जबाबदारी माझी आहे.

शुद्धिपत्र तयार आहे. ज्यांच्याकडे पुस्तक आहे त्यांना ते मंडळाच्या कपाटातून घेता येईल. कुणाला पुस्तक परत करायचं असल्यास पूर्ण किंमत परत देईन.

कथेची गती आणि आक्काचं पात्र याविषयीचं मतही वाचलं. पुस्तक शेवटपर्यंत वाचून, पान क्रमांक देऊन लिहिल्याबद्दल मी आभारी आहे.’

यातल्या काही निर्णयांबद्दल सांगायला हवं. ६१ हा आकडा मी मुद्दाम दिला. ‘काही चुका राहून गेल्या’ असं लिहिलं असतं तर वाचकानं मनात दोनशे धरल्या असत्या. मोजून सांगितलं की मोजल्याचं दिसतं. पैसे परत देण्याची तयारी मी सगळ्यांसाठी दाखवली, परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी वेगळी नाही. फक्त त्यांनाच म्हटलं असतं तर ते ‘हे घ्या तुमचे अडीचशे’ असं वाचलं गेलं असतं. हे लिहिण्याआधी खिशाकडे बघावं लागतं: १८० प्रती विकल्या गेल्या होत्या, म्हणजे सगळ्याच परत आल्या तर ४५,००० रुपये. तेवढे नसतील तर हे वाक्य लिहू नका, शुद्धिपत्र पुरे आहे. माझ्याकडे चार प्रती परत आल्या.

आक्काबद्दल ‘मत वाचलं’ एवढंच लिहिलं. आधीच्या मसुद्यात ‘त्या मताचा आदर आहे’ असं होतं. तो आदर खरा होता, पण मराठीत हे वाक्य इतकं वापरून गुळगुळीत झालंय की त्याचा अर्थ ‘मला पटलेलं नाही’ असाच लागतो. आक्का अशी का आहे, कुणावरून घेतली, हे समजावायला तर अजिबात जाऊ नका. पात्र पानावर उभं राहिलं नसेल तर अंकातल्या खुलाशानं ते उभं राहत नाही.

आणि आभार शेवटी, पहिल्या ओळीत नाही. सुरुवातीला आभार मानले की ते प्रथा म्हणून मानल्यासारखे वाटतात. चुका मान्य केल्यावर ते मानले तर कशाबद्दल आहेत ते कळतं.

उत्तर छापण्याआधी दुरुस्ती हातात हवी

‘शुद्धिपत्र लवकरच देऊ’ असं लिहून उत्तर पाठवू नका. अंक हातात पडला त्या दिवशी कुणी मागायला आलं तर ते तिथे असलं पाहिजे. मासिकात मजकूर देण्याची मुदत साधारण पंधरा दिवसांची मिळते, तेवढ्यात हे होतं.

शुद्धिपत्रात ६१ च्या ६१ चुका घालायच्या नाहीत. सरकलेला रफार वाचक स्वतः दुरुस्त करून वाचतो. ज्या चुकीनं अर्थ बदलतो तेवढीच घ्यायची. माझ्या यादीत अशा अकरा निघाल्या, त्या दोन मोठ्या धरून. पान, ओळ, छापलेलं काय, हवं काय, असे चार रकाने. ए-फोर कागदावर चार पट्ट्या बसतात. १२० प्रती शिल्लक आणि १८० विकलेल्या, म्हणजे ३०० पट्ट्यांना ७५ कागद. शिल्लक प्रतींमध्ये पट्टी चिकटवायची ती नाव असलेल्या पानाच्या मागे, बांधणीच्या बाजूच्या कडेला, बोटभर रुंदीची पातळ खळ लावून. पूर्ण पट्टीला गोंद फासला की कागद आखडतो आणि पान लाटेसारखं उभं राहतं. मी पहिल्या दहा प्रती अशा खराब केल्या.

ग्रंथालयांतल्या प्रती विसरू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तिथे गेलेलं पुस्तक माझ्यानंतरही कपाटात राहील, आणि पान ८७ त्यात तसंच राहील. शहरातल्या ज्या ज्या वाचनालयांना प्रत दिली होती तिथे स्वतः जाऊन पट्टी लावून घेतली. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयाला, कोलकात्याला, प्रत पाठवावी लागते, आणि स्वतः छापणाराही प्रकाशकच. तिथेही एक पट्टी पोस्टानं पाठवली.

ई-पुस्तक असेल तर ते सगळ्यात आधी बदला, कारण तिथे काम एका संध्याकाळचं असतं. मात्र ऑनलाइन दुकानांत परीक्षणाखाली उत्तर द्यायला जागा असेलच असं नाही. ॲमेझॉननं ती सोय २०२० च्या अखेरीस बंद केली. तिथे दुसऱ्या नावानं स्वतःच्या पुस्तकावर चांगलं परीक्षण लिहिणं किंवा भावाला, मेव्हण्याला लिहायला सांगणं हा मार्ग काही जण सांगतात. तो अप्रामाणिक आहे आणि ओळखूही येतो. एकाच आठवड्यात आलेली, एकाही प्रसंगाचा उल्लेख नसलेली पाच परीक्षणं कुणालाही दिसतात. पुस्तकाच्या माहितीत ‘अमुक महिन्यात दुरुस्त केलेली प्रत’ एवढी ओळ घालावी.

कायद्याची भाषा

मित्रांपैकी एकानं ‘नोटीस पाठव’ असं सुचवलं होतं, त्या शेवटच्या टोमण्यावरून. म्हणून हे थोडक्यात. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, १ जुलै २०२४ पासून. त्याआधी १८६० च्या दंड संहितेत ते ४९९ होतं. दोन्हीत सहावा अपवाद तोच आहे: जी कृती कर्त्यानं लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली तिच्या गुणदोषांवर सद्भावनेनं मत देणं ही बदनामी नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय की पुस्तक प्रकाशित करणारा ते लोकांच्या निवाड्यासाठी ठेवतो. पुस्तकात दिसतं तेवढ्यावरून लेखकाबद्दल कडक बोललेलंही त्या अपवादात बसतं. पुस्तकाबाहेरच्या त्याच्या चारित्र्यावर बोललं तर मात्र बसत नाही. ‘प्रकाशकानं घेतली नसणार’ हा नुसता अंदाज आहे. लागणारा आहे, पण त्यावर नोटीस पाठवणं म्हणजे दोनशे घरांतली गोष्ट सगळ्या गावात नेणं. खरोखर धमकी असेल, जातीवरून किंवा घरच्यांवरून लिहिलं असेल, तर ते उत्तरात हाताळायचं नाही. संपादकाला एकट्याला भेटायचं.

दुसऱ्यांदा बोलू नका

जाहीर उत्तर एकदाच. माझं उत्तर छापून आल्यावर पुढच्या अंकात त्याच गृहस्थांच्या चार ओळी आल्या: चुका मान्य केल्या हे बरं केलं, पण पाणी चढण्याची दीडशे पानं तशीच राहिली. मला पुन्हा लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही. दुसऱ्या उत्तरात नवीन माहिती काहीच नव्हती, फक्त शेवटचा शब्द माझा हवा होता. ओळखीचे तिघे-चौघे माझ्या बाजूनं लिहायला तयार होते, त्यांनाही थांबवलं. चार जण एका वाचकावर धावून गेले की पुढच्या वेळी त्या मंडळात कुणी खरं लिहीत नाही, आणि मग पान ८७ सारखी चूक मला कोण सांगणार?

वर्षभरानं पुनर्मुद्रण केलं. नुसत्या दुरुस्त्या असतील तर ते पुनर्मुद्रणच म्हणायचं आणि आयएसबीएन तोच राहतो. मजकुरात भर घातली, प्रकरणं बदलली, तर ती दुसरी आवृत्ती होते आणि क्रमांक नवा घ्यावा लागतो. पान ११८ वरचं इचलकरंजीचं वाक्य मी आक्काच्या तोंडून दोनदा आणलं. गुऱ्हाळ विझवलं, आता तिथे भिजलेल्या चिपाडाचा ढीग आहे आणि त्यावर बसलेली कुत्री. पान ८७ वर फक्त एक शब्द बदलायचा होता, ‘धोका’चा ‘इशारा’. तो बदलल्यावर लक्षात आलं की आता घरातल्या माणसांना सामान माळ्यावर चढवायला चार फूट पाणी वाढेपर्यंतचा वेळ मिळतो, आणि मी त्यांना तो दिलाच नव्हता; ती लगेच पळत सुटली होती. तिथे सात ओळी नव्यानं लिहिल्या. आक्का त्या ओळींत पहिल्यांदा बसते, आणि कुठली भांडी वर न्यायची ते ठरवते.